तू, तुम्ही की आपण? खान्देशात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

अमळनेरला आमच्या माडीवर दोन खोल्या आहेत आणि गेली 22 वर्षं त्या भाड्याने दिलेल्या असतात. बँकेत बदली होऊन आलेले, कॉलेजात नव्याने लागलेले, कधी एखादं नवं जोडपं. बहुतेकांचा पहिला महिना दोन गोष्टींत जातो: नळाला पाणी कधी येतं ते लक्षात ठेवण्यात, आणि कुणाला तू म्हणायचं, कुणाला तुम्ही, या घोळात. पाण्याच्या वेळा मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते. दुसऱ्या गोष्टीचा कागद आजवर लिहिला नव्हता, तो हा.

सुरुवात पारोळ्यापासून करते. चार वर्षांपूर्वी उज्जैनचा एक मुलगा राहायला आला. बँकेत अधिकारी, वागायला गोड, मराठी पुस्तकातून शिकून आलेला. एका शनिवारी रात्री त्याने जिन्यात आमच्या ह्यांना विचारलं, "काका, आपण उद्या पारोळ्याला जाणार का?" हे म्हणाले, "जाऊ की. किती वाजता?" मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, "आपल्याला जमेल तसं." रविवारी सकाळी आठ वाजता हे इस्त्रीचा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन ओट्यावर उभे. मुलगा माडीवर गाढ झोपलेला. त्याला पारोळ्याला जायचंच नव्हतं. त्याचा गॅस सिलिंडर येणार होता, तेव्हा खाली घरी कोणी असेल की नाही एवढंच त्याला हवं होतं.

चूक कुठे झाली ते नीट पाहू, कारण निम्मा विषय तिथेच आहे.

हिंदीतला "आप" त्याने सरळ मराठीत आणला आणि "आपण" केला. पण मराठीतला आपण दोन घरांत राहतो. एका घरात त्याचा अर्थ "तुम्ही, पण फार आदराने" असा. दुसऱ्या घरात "मी आणि तू मिळून सगळे" असा. रोजच्या बोलण्यात हे दुसरं घरच खरं. आपण चहा घेऊ, आपण उद्या बघू, आपली गल्ली, आपला माणूस. दोन्हींतला फरक बहुधा क्रियापद दाखवतं. "आपण कधी आलात?" म्हटलं की समोरच्याला विचारलं, "आपण कधी आलो?" म्हटलं की सगळ्यांबद्दल. "आपण याल का?" म्हणजे तुम्ही, "आपण येऊ का?" म्हणजे आपण दोघं. पण "जाणार, येणार, करणार" ही रूपं तशीच राहतात, ती कुणाबद्दल आहेत ते त्यांच्यावरून कळत नाही. शेवटी "आहात" किंवा "आहोत" लावलं तर कळतं, आणि बोलताना ते बहुतेक वेळा गळून जातं. मुलगा नेमका त्याच फटीत पडला. "काका, तुम्ही उद्या पारोळ्याला जाणार आहात का?" असं विचारलं असतं तर ह्यांचा रविवार वाचला असता.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हे: समोरच्या एका माणसाशी बोलताना आदरासाठी आपण वापरूच नका. पहिलं वर्षभर तरी नको. आपण ऐकायला शिका, वाचायला शिका, बोलायची घाई करू नका.

तो आदराचा आपण कुठे भेटतो? लग्नपत्रिकेत, "आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे" इथे. अर्जात, "आपणांस विनंती करण्यात येते की" आणि खाली "आपला विश्वासू" इथे. व्यासपीठावर पाहुण्यांचं स्वागत करताना. म्हणजे कागदावर आणि माइकवर. अमळनेरच्या बाजारात, गल्लीत, बँकेच्या खिडकीवर कुणी एका माणसाला सरळपणे आपण म्हणत नाही. आणि म्हटलंच तर बहुतेक वेळा चिमटा असतो. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला मागचा माणूस शांतपणे विचारतो, "आपण कोण?" या वाक्यात आदर शोधू नका. शिवी देण्याआधीची ती शेवटची पायरी आहे.

दुसऱ्या घरातला आपण मात्र लवकर उचला, तो फार कामाचा आहे. हिंदीत "हम" एकच, मराठीत त्याचे आम्ही आणि आपण असे दोन भाग होतात. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. याच मुलाने पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "चला, आम्ही जेवायला जाऊ." त्याला सगळ्यांना घेऊन जायचं होतं, ऐकू आलं ते उलटंच. आमची धाकटी म्हणाली, "जा मग!" सोबतीचा आपण आणखी एका कामाला येतो. बँकेत आजोबांना फॉर्म भरायला सांगायचंय आणि तू-तुम्ही ठरत नाहीये, तर "बाबा, आपण आधी हा फॉर्म भरून घेऊ" म्हणायचं. भरणार तेच, पण हुकूम वाटत नाही. डॉक्टर आणि नर्स दिवसभर हेच करतात.

तुम्ही म्हणजे तुम नव्हे

हिंदीकडून येणाऱ्यांची दुसरी अडचण उलट्या दिशेची. त्याच मुलाला पहिल्या आठवड्यात सगळं गाव उद्धट वाटत होतं, हे त्याने मला पुढे सांगितलं. का, तर किराणा दुकानदार त्याला तुम्ही म्हणाला, शिपाई तुम्ही म्हणाला, आमचे हेही तुम्ही म्हणाले. त्याच्या कानाला ते "तुम" ऐकू येत होतं. तुम म्हणजे बरोबरीचा किंवा धाकटा. त्याच्याकडे अनोळखी माणसाला आप म्हणतात, तुम म्हटलं की माणूस एक पायरी खाली येतो.

मराठीत ती मधली पायरी नाही. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या रोजच्या वापरात आहेत. मराठीत रोज वापरायच्या दोनच, तू आणि तुम्ही, आणि तिसरी माळ्यावर ठेवलेली, सणासुदीला काढायची. हिंदीचं जवळजवळ सगळं आप मराठीत तुम्हीकडे येतं. कलेक्टर असो की रिक्षावाला, वयाने मोठा अनोळखी माणूस म्हटला की तुम्ही. त्यात काही कमी पडत नाही. तुम्हीपेक्षा जास्त आदर दाखवायचा असेल तर तो सर्वनामात न ठेवता हाकेत ठेवतात. साहेब, सर, मॅडम, ताई, आणि आमच्याकडचे आप्पा, नाना, आबा, तात्या, बापू, जिभाऊ.

कान क्रियापदावर ठेवा

नवा माणूस सर्वनाम शोधत बसतो आणि मराठी माणूस ते बोलतच नाही. "ये, बस, काय घेतो?" या वाक्यात तू कुठे आहे? तरी तो तीनदा येऊन गेला. "या, बसा, काय घेता?" इथे तुम्ही. समोरचा तुम्हाला कुठे बसवतोय ते "ये" आणि "या" यांतूनच कळतं. हाकही कळवते. अरे आणि अगं तूबरोबर जातात, अहो तुम्हीबरोबर. म्हणून तर या सगळ्या प्रकाराला आम्ही अरे-तुरे आणि अहो-जाहो म्हणतो.

पुस्तकातून शिकलेल्याला इथे एक गंमत भेटते. पुस्तकात "तू कुठे चाललास?" आणि "तुम्ही कुठे चाललात?" असं असतं. खान्देशात बोलताना तो शेवटचा स आणि त बहुधा गळतो. "तू कुठे चालला?" "तुम्ही कधी आले?" "तू काय करतो?" ही इथली रोजची बोली आहे, अशुद्ध म्हणून नाक मुरडू नका. फक्त एक लक्षात ठेवा. "कधी आले?" हे तुम्हाला विचारलंय की तिसऱ्याच माणसाबद्दल, ते वाक्यावरून कळणार नाही, बोलणाऱ्याच्या नजरेवरून कळेल.

आणि मिसळ करू नका. "तुम्ही ये", "काका, तुम्ही कुठे जातोस" अशी वाक्यं नव्या माणसाच्या तोंडून हमखास येतात. सर्वनाम आदराचं आणि क्रियापद एकेरी. लोक हसतात, रागावत नाहीत. पण उलटी मिसळ, म्हणजे आधी "या, बसा" आणि मग तोंडातून "तुझं काय काम होतं?" ही मात्र खटकते. मान देऊन काढून घेतल्यासारखी.

खान्देशातला तू

आता पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट. त्यांना वर लिहिलेलं सगळं येतं आणि तरी ते अडतात, कारण इथला तू त्यांच्या तूपेक्षा लांब जातो.

आमच्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. घरात अहिराणीच बोलतात, मराठी समजतं. पुण्याची एक मुलगी कॉलेजात लागली म्हणून राहायला आली. पहिल्या संध्याकाळी ती ओट्यावरच्या सासूबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाली, "आजी, तुम्ही कशा आहात?" सासूबाईंनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. म्हणाल्या, "मी एकलीच शे ना माय." मग तिला हाताने धरून जवळ बसवलं. "बठ. तुन्हं नाव काय शे?"

सासूबाईंना तुम्ही कळत नाही असं नाही. अहिराणीतही तुम्ही आहे. व्याह्यांना, जावयाला, सरपंचांना त्या "तुम्हनं" म्हणतात. पण ओट्यावर येऊन पाया पडणाऱ्या पोरीने आजी म्हटलं म्हणजे ती नात झाली, आणि नात आजीला तू म्हणते. मुलीचं अर्धं वाक्य नात्यात होतं आणि अर्धं कचेरीत.

इथेच खान्देशाची किल्ली आहे, निदान मला ती अशी दिसते. आमच्याकडे मान पुष्कळदा नात्याच्या शब्दात ठेवलेला असतो, सर्वनाम मोकळं असतं. शेतकरी घरांत मुलगा वडलांना "आप्पा, तू जेवला का?" म्हणतो आणि त्यात बेअदबी नसते. आप्पा या शब्दाने मान आधीच दिला आहे. माय तर सगळीकडेच तू. देवही तू. श्रावणात कानबाई बसते तेव्हा तिला कोणी अहो म्हणत नाही. घरोघर मात्र रीत वेगळी आहे. शेजारच्याच घरात वडलांना अहो-जाहो चालतं. आमच्या घरात मी ह्यांना अहो म्हणते, माझी सून माझ्या मुलाला तू म्हणते, आणि पाहुणे आले की तीच सून सफाईने अहोवर येते. पाहुणे गेटबाहेर पडले की परत तू. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

या तूचा अभ्यास करायचा असेल तर आखाजीला एखाद्या घरी जेवायला जा. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरस असतो. एका पंगतीत लेक आणि जावई शेजारी बसलेले. वाढणारी सासू लेकीला म्हणते, "घे ना, लाजते काय!" आणि तोच हात पुढे सरकून, "घ्या ना, अजून एक. काहीच घेतलं नाही तुम्ही." जावई लेकीच्याच वयाचा, कधी सासूने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला भाचाही असतो. काल तू होता, लग्न लागलं त्या दिवसापासून तुम्ही. माया तेवढीच राहिली, पण त्याच्याशी आता एक व्यवहार जोडला गेला आणि व्यवहाराच्या नात्याला तुम्ही लागतं. पंगतीत कोणाला "घे" आणि कोणाला "घ्या" एवढंच तासभर ऐकलं तर त्या घराचा सगळा नकाशा कळतो.

मग नव्या माणसाने काय करायचं? म्हाताऱ्या माणसाने तू म्हटलं तर ते घ्यावं. आधी "बेटा", "माय", "पोरा" असं काही येतं का ऐकावं. आलं म्हणजे तुम्हाला घरात घेतलं. पण परत तू द्यायची घाई नको. तुम्ही नात्याचा शब्द वापरायला लागलात आणि तो रुळला, की मग. पुण्याच्या मुलीला दोन महिने लागले. आधी "आजी, तुम्ही", मग नुसतंच "आजी, जेवण झालं?", आणि एक दिवस पाटावर मेथी निवडत बसलेली असताना तिच्या तोंडून गेलं, "आजी, तू राहू दे, मी करते." सासूबाईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नीट पडलेल्या तूची खूण हीच, तो कुणाच्या लक्षात येत नाही.

एकतर्फी तू

सगळेच तू असे मायेचे नसतात. हे लिहिल्याशिवाय हा कागद खोटा होईल.

शेतावर वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी, आमच्याकडे सालदार म्हणतात, साठीचा असतो. मालकाचा बारा वर्षांचा नातू त्याला "ए, तू पाणी सोडलं का?" विचारतो. सालदार त्या पोराला "हो भाऊ, सोडलं" म्हणतो. इथेही तू आहे, पण तो एकाच बाजूने वाहतो. झाडूवाला, मोलकरीण, हमाल, दाराशी बसून चपला शिवणारा, यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हा तू आला आणि त्यामागे वयापेक्षा जात आणि मजुरी होती. लहानपणी मीही असंच बोललेली आहे. कुणी टोकलं नाही, कारण टोकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

मायेचा तू आणि हा तू कानाला सारखेच. ओळखायचे कसे? मी तीन गोष्टी ऐकते. तू म्हणताना बरोबर नात्याचा शब्द आहे की नुसतं "ए"? समोरचा परत तू म्हणू शकतो का, निदान त्याने म्हटलं तर चालेल का? आणि तो माणूस निघून गेल्यावर त्याच्याबद्दल काय म्हणतात, "ते गेले" की "तो गेला"? हा तिसरा प्रश्न सगळ्यात खरा, कारण पाठीमागे कोणी जपून बोलत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. आईबद्दल सगळेच "आई आली" म्हणतात आणि वडलांबद्दल बऱ्याच घरांत "बाबा आले". त्यावरून आईचा मान कमी ठरवू नका. अर्थात तो तसा का, हा वेगळा विषय आहे आणि मला त्यावर पुष्कळ बोलता येईल.

नव्या माणसाने गावाची ही सवय उचलू नये. तुम्ही बाहेरून आलात, तुमच्याकडे जुन्या नात्याची सबब नाही. झाडायला येणाऱ्या बाईंना "मावशी, तुम्ही" म्हणा. पहिल्या दिवशी त्या गोंधळतील, दुसऱ्या दिवशी नाही.

ठरत नसेल तेव्हा

समोर असा माणूस आहे की वय कळत नाही, हुद्दा कळत नाही, नातं लागेल की नाही माहीत नाही. तेव्हा मराठीत सर्वनामाशिवाय बोलायची उत्तम सोय आहे आणि जुनी माणसं ती सर्रास वापरतात. "जेवण झालं का?" यात तू नाही, तुम्ही नाही. "चहा घेतला का?" यातही नाही. खान्देशातल्या बोलण्यात ते घेतलास-घेतलात उरलेलं नसल्यामुळे तर अगदीच सुरक्षित. "येणं कुठून झालं?" "कुठं निघणं झालं?" "गाव कोणतं?" "चहा होऊ द्या" असं म्हटलं तर मात्र तुम्ही आलं बरं का, "चहा होऊ दे" म्हटलं तर तू. तेव्हा विचारायचं ते भूतकाळात आणि नामात विचारायचं, हुकूम टाळायचा. बाजारात "मावशी, मेथी कशी दिली?" एवढं पुरतं.

अशी चार वाक्यं बोलून समोरच्याच्या तोंडून "या" येतो की "ये" ते ऐकायचं. तो या म्हणाला की तुम्हीही तुम्हीवर. तो ये म्हणाला आणि तुमच्याच वयाचा आहे, तर तू चालेल. मोठा असेल तर तुम्ही कायम. कॉलेजच्या पोरांत हा सगळा खटाटोप नको. तिथे पहिल्या चहालाच "काय भो, कुठला तू?" होतं आणि त्याला तुम्ही म्हणून उत्तर दिलं तर पोरं तुम्हाला सर म्हणायला लागतील. आमच्या एका भाडेकरूला खरोखर म्हणायला लागली होती, बिचारा 23 वर्षांचा.

बरोबरीच्या दोघांत तुम्हीवरून तूवर कोणी यायचं? वयाने मोठ्याने सुचवायचं, बाई आणि पुरुष असतील तर बाईने. "मला अहो-जाहो काय करतोस, अरे-तुरे कर ना" असं सरळ कोणी सांगतं, पण पुष्कळदा सांगत नाहीत, नुसतं स्वतः तूवर येतात. एकदा आलं तर चुकून असेल. दुसऱ्या दिवशीही आलं तर ते आमंत्रण समजा.

बदलाकडे लक्ष

रोजचा तू किंवा तुम्ही फारसं काही बोलत नाही. तो बदलला की बोलतो. भांडणात तुम्हीचा तू झाला की लोक म्हणतात, "एकेरीवर आला." एसटीत जागेवरून वाद चालू असतो, दोघं चढ्या आवाजात पण "तुम्ही आधी उठा", "तुम्हीच उठा" असं चाललेलं असतं. तोवर कंडक्टर तिकिटं देत राहतो. एकाच्या तोंडून "ए, तू कोण सांगणारा?" निघालं की कंडक्टर तिकिटं थांबवून मागे येतो. त्याला कळलेलं असतं की आता पुढचं पाऊल हाताचं आहे.

उलटा बदल जास्त लागतो आणि तो नव्या माणसाला ऐकूच येत नाही. ज्या घरात तुम्हाला सहा महिने तू म्हणत होते तिथे एक दिवस शांतपणे "बसा, तुम्हाला वेळ असेल तर" आलं, तर मान वाढला असं समजू नका. तुम्ही कुठेतरी दुखावलं आहे. माझी सासू मला अहिराणीत तू म्हणते. लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा तीन दिवस तुम्ही म्हणत होती. ते तीन दिवस मला अजून आठवतात, त्यामागचं कारण मात्र आठवत नाही.

हे कळलं तर काय करायचं? विचारायचं नाही. "तुम्ही मला तुम्ही का म्हणता?" हा प्रश्न विचारला की समोरचा "छे, कुठे काय" म्हणतो आणि दार आणखी घट्ट होतं. आपण आपल्या नात्याच्या शब्दावर राहायचं, आजी, काकू, आप्पा, आणि काहीतरी काम मागायचं. "आजी, ही भाकरी थापायची कशी?" काम सांगताना माणूस हुकूमावर येतो, हुकूम तूमध्येच सहज होतो.

तुमच्याकडून चूक झाली तर तीही बोलून दाखवायची नाही. उज्जैनचा मुलगा पुढे सासूबाईंना तू म्हणायला लागला, रोज संध्याकाळी "आजी, तू औषध घेतलं?" एकदा आमचे व्याही आले होते, माझ्या मुलीचे सासरे. मुलगा जिन्यावरून उतरला, पायरीवर बसलेल्या सासूबाईंशी बोलून वळला आणि त्याच ओघात व्याह्यांना म्हणाला, "अरे, तू उभा का? बस ना." ओट्यावर एकदम शांतता. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. मुलाच्या लक्षात आलं. त्याने माफी मागितली नाही, हसलाही नाही. आतून खुर्ची आणली, पदराने पुसावी तशी हातरुमालाने पुसली, व्याह्यांसमोर ठेवली आणि म्हणाला, "बसा ना, आप्पा. तुम्ही जळगावहून आले का आता? पाणी आणतो."

व्याही बसले. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "कोणाचा रे तू?"